ओलिताची रात्र आणि पव्वा

पत्र

मी नागपुरात नोकरीला आहे, शेत कळमेश्वरकडे. मोठे बाबा, वय ५८, गव्हाला पाणी द्यायला रात्री जातात, कारण त्या आठवड्यात लाइन रात्रीच असते. थंडी लागू नये म्हणून निघण्याआधी एक पव्वा घेतात, जेवण मात्र परत आल्यावर. मागच्या आठवड्यात पहाटे चारला ते धुऱ्यावर बसलेले सापडले. स्वेटर काढून बाजूला ठेवलेला, बोलणं लडबडलेलं, पण कुडकुडणं अजिबात नाही. सगळे म्हणाले, जास्त झाली. मोटरसायकलवर मधे बसवून घरी आणलं, हातपाय चोळले, शेकोटीजवळ बसवलं, वरून दोन घोट पाजले. सकाळी ठीक झाले. मी म्हणतो थंडीत दारू वाईट. ते म्हणतात, "मले गरम वाटते ना, मग तू काय पुस्तक सांगतो?" त्यांना काय सांगू? आणि पुन्हा असं झालं तर काय करू?

– एक पुतण्या, नागपूर

उत्तर

मोठ्या बाबांना गरम वाटतं हे अगदी खरं आहे. त्यावर वाद घातलात तर तुम्हीच हराल. त्यांना विचारायचं ते एवढंच, की हे गरम नक्की कुठे वाटतं.

पहिला घोट घशात आणि छातीत जळजळतो. ती ऊब नाही. सावजीचा रस्सा झोंबतो तेव्हा नसांच्या टोकांवरचे जे संवेदक चेतवले जातात, तेच दारूनेही चेतवले जातात. हे संवेदक एरवी साधारण ४२ अंशांच्या पुढच्या उष्णतेला जागे होतात. दारूमुळे त्यांची पातळी ३४ अंशांच्या आसपास उतरते, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या उष्णतेलाच ते "भाजलं" म्हणून ओरडतात. अंगात एक अंशाचीही भर पडलेली नसते.

नंतर पंधरा-वीस मिनिटांनी चेहरा, कान आणि हात गरम होतात, ती गोष्ट निराळी आहे आणि समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या बाबांना ट्रॅक्टरच्या भाषेत सांगा, लगेच कळेल. इंजिन थंड असतं तेव्हा थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह बंद राहतो आणि पाणी रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. आपली कातडी म्हणजे रेडिएटर. थंडी लागली की शरीर कातडीकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि गरम रक्त आत, हृदय, यकृत आणि मेंदूकडे राखून ठेवतं. बोटं गार पडतात, नाक गार पडतं, पण आतलं ३७ अंश टिकून राहतं. दारू हा वॉल्व्ह ढिला करते. आतलं गरम रक्त बाहेर रेडिएटरवर येतं आणि बाहेर आठ अंशांची हवा वाहत असते.

थंडी-उष्ण ओळखणारे आपले बहुतेक संवेदक कातडीतच असतात. म्हणजे मीटर रेडिएटरवर लावलेला आहे, इंजिनावर नाही. गरम रक्त कातडीशी आलं की मीटर "गरम" दाखवतो, आणि त्याच वेळी इंजिन निवत जातं. पव्वा घेतल्यावर मोठ्या बाबांच्या गालाला हात लावून पाहा. तुमच्या तळहाताला जी ऊब लागते ती त्यांच्या आतून निघून तुमच्या हातात आलेली असते. शेतात तीच ऊब वाऱ्याला जाते.

थंडी नसली तरी हे घडतं. ३३ अंशांच्या उबदार खोलीत माफक दारू पाजून केलेल्या एका प्रयोगात लोकांच्या कातडीकडचा रक्तप्रवाह वाढला, घाम वाढला, त्यांना जास्त गरम वाटलं, आणि नेमकं त्याच वेळी शरीराच्या आतलं तापमान सुमारे ०.३ अंशांनी उतरलं. म्हणजे दारू निव्वळ वाहिन्या सैल करून थांबत नाही. मेंदूत तापमान राखणारं जे केंद्र आहे, त्याचा काटाच ती खाली सरकवते. केंद्राला वाटतं की ३७ जास्त झालं, जरा उतरवा.

इथपर्यंतचा भाग बहुतेकांना ऐकून माहीत असतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण दारूने वाहिन्या सैल झाल्यामुळे कातडीतून जास्तीची जाणारी उष्णता हा हिशेबाचा लहान भाग आहे. हवा खरोखर बोचरी असेल तर थंडी वाहिन्यांना इतकं आवळते की दारूचा सैलपणा बराचसा झाकला जातो. घरात बसून जेवणासोबत एक पेग घेतलेला माणूस पाच मिनिटं ओसरीवर आला, तर त्याचं तापमान काही कोसळत नाही. मोठ्या बाबांच्या बाबतीत जीवावर बेतणाऱ्या गोष्टी दुसऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही तुमच्या पत्रात आहेत: कुडकुडणं बंद होतं, आणि पोट रिकामं होतं.

कुडकुडणं ही शरीराची हीटरची सोय आहे. स्नायू काहीही काम न करता नुसते थरथरतात आणि त्यातून उष्णता निघते. जोरात कुडकुडणारं शरीर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट, अगदी चार-पाच पटींपर्यंत उष्णता तयार करू शकतं. दारू मेंदूला बधिर करते तेव्हा ही थरथर उशिरा सुरू होते आणि कमी जोराने होते. पिणाऱ्याला वाटतं, "बघ, आता हुडहुडी गेली, दारू लागली." हुडहुडी गेली हे खरंच, पण थंडी गेली म्हणून नाही. हीटर बंद पडला म्हणून.

त्यात उपाशीपणा. कुडकुडायला इंधन लागतं, आणि रक्तातली साखर फार उतरली की शरीर कुडकुडणंच सोडून देतं. जेवण नसतं तेव्हा यकृत आधी आपल्याकडचा साखरेचा साठा सोडतं, तो संपत आला की इतर पदार्थांपासून नवी साखर बनवतं. पण दारू आली की यकृत आधी ती मोडायला घेतं, आणि त्या रासायनिक कामामुळे नवी साखर बनवण्याचं काम अडतं. दुपारी बाराला भाकरी खाल्लेला, दिवसभर राबलेला माणूस रात्री साडेनऊला उपाशीपोटी दारू घेतो, तेव्हा साठा आधीच खालावलेला असतो आणि नवा माल येणं बंद झालेलं असतं. मोठ्या बाबांना डायबिटीस असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर हा धोका कितीतरी वाढतो. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून घरी आधी हेच विचारा.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडू. आकडे ठोकळ आहेत, पण ते मोठ्या बाबांसमोर कागदावर मांडता येतात.

पव्वा म्हणजे १८० मिलि. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर त्यात शुद्ध अल्कोहोल ७७ मिलि, वजनात सुमारे ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ग्रॅम मोडतं, कुणाचं थोडं जास्त. म्हणजे साडेनऊला घेतलेला पव्वा पूर्ण उतरायला पहाटेचे सहा वाजतात. रात्रीचा सगळ्यात थंड वेळ सूर्य उगवण्याच्या आसपासचा असतो, आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. रात्र गार होत जाते तेव्हा बरीचशी दारू अंगातच असते. शिवाय घेतल्यावर पहिल्या तासात आलेली "मस्त ऊब" बाराच्या सुमारास ओसरते, पण बधिरपणा राहतो. मग माणूस दुसरी बाटली शोधतो.

दारू जळते म्हणजे उष्णता येतेच की, असं कुणी तरी म्हणेलच. ७ ग्रॅम जळले की तासाला ५० किलोकॅलरी निघतात, हे बरोबर. पण शरीर तेवढी दारू जाळतं तेव्हा चरबी जाळणं तेवढं कमी करतं. चुलीत एक लाकूड काढून दुसरं घातलं तर आच वाढत नाही.

६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीराचं तापमान सरासरी एक अंशाने उतरवायला सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता बाहेर जावी लागते. धुऱ्यावर बसलेला, मधूनमधून उठून पाणी वळवणारा माणूस तासाला ८०-९० किलोकॅलरी तयार करतो असं धरू. गुडघ्यापर्यंत भिजलेला पायजमा, झिरपलेले बूट, उघडं रान आणि वारा, यात तासाला १२० जात असतील तर दर तासाला ३० ची तूट पडते. म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त उतार. ३७ पासून ३५ पर्यंत यायला साडेतीन तास पुरतात. ३५ च्या खाली हायपोथर्मिया सुरू होतो. कुडकुडणं शाबूत असतं तर शरीराने ८०-९० चे दीडशे-दोनशे करून ही तूट आरामात भरली असती. तीच भरपाई दारूने काढून घेतली.

त्या भिजलेल्या पायजम्याकडे जरा बारकाईने बघा. एक ग्रॅम पाणी वाळायला ०.५८ किलोकॅलरी लागते. वाटीभर, म्हणजे १०० ग्रॅम पाणी अंगावरच वाळलं आणि त्याची सगळी उष्णता अंगातूनच गेली, तर ५८ किलोकॅलरी संपल्या. वरच्या हिशेबात तो एक अंशापेक्षा जास्त उतार होतो. आणि ओलिताच्या रात्री पायजम्यात वाटीभर नाही, चांगलं तांब्याभर पाणी असतं. बर्फ पडायला लागत नाही. दहा-बारा अंशांत, ओल्या कपड्यांवर वारा लागला तरी पुरतं. आपल्याकडे जानेवारीत पारा आठ-दहावर येतो, २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर शहरातच साडेतीन अंशांची नोंद झाली होती, आणि उघडं रान शहराहून गार असतं. २०२० च्या डिसेंबरात उत्तरेकडच्या थंडीच्या लाटेआधी हवामान विभागाने लोकांना दिलेल्या सूचनांत दारू टाळा, ती शरीराचं तापमान उतरवते, असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचून पुष्कळांनी विनोद केले.

आता स्वेटरबद्दल. शरीर फार गार झालं की एक विचित्र गोष्ट होते. आवळून धरलेल्या रक्तवाहिन्यांचे स्नायू थकून सैल पडतात, गरम रक्त एकदम कातडीकडे लोटतं आणि गारठलेल्या माणसाला अंगाची लाही झाल्यासारखं वाटतं. तो कपडे काढू लागतो. त्या रात्री असं झालं की निव्वळ दारूच्या उबेने स्वेटर काढला, हे आता सांगता येणार नाही. पण थंड रात्री ओल्या कपड्यांत बसलेला माणूस स्वेटर काढतो, कुडकुडत नाही आणि लडबडत बोलतो, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर "जास्त झाली" म्हणून सोडून देऊ नका.

गफलत होते ती इथेच. तापमान ३५ च्या खाली गेलेला माणूस अडखळतो, बरळतो, बटण लावता येत नाही, चिडचिड करतो. पिलेला माणूसही हेच करतो. तोंडाला वास आला म्हणजे दारू आहे एवढंच कळतं. सोबत गारठा आहे का, साखर उतरली आहे का, पडून डोक्याला लागलं आहे का, हे वास सांगत नाही. मग ओळखायचं कसं? कपड्यांच्या आत हात घाला आणि हाताची पाठ पोटाला लावा, मग काखेला. हातपाय तर सगळ्यांचेच गार असतात. पण निरोगी माणसाचं पोट थंडीतही उबदार लागतं. पोट गार लागलं तर आतलं इंजिन निवलं आहे. कुडकुडत असेल तर अजून शरीर लढतंय. गार पोट आणि कुडकुडणं बंद, म्हणजे तापमान कदाचित ३२ च्या आसपास किंवा खाली, आणि तिथून पुढे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढत जातो. दारू घेतलेल्यात थरथर त्याआधीही बंद पडू शकते, म्हणून तिच्या भरवशावर आकडा काढू नका.

थर्मामीटरवर फार विसंबू नका. काचेच्या पाऱ्याच्या थर्मामीटरची पट्टी बहुधा ३५ च्या आसपास सुरू होते, त्याखालचं तो दाखवूच शकत नाही. साधे डिजिटल बहुतेक ३२ च्या खाली गेलं की पडद्यावर `Lo` दाखवतात. तापासाठी बनवलेलं यंत्र आहे ते. `Lo` आलं तर "खराब झालं वाटतं" म्हणून झटकत बसू नका.

पुन्हा असा प्रसंग आला तर करायचं ते असं. आधी वाऱ्यातून हलवा: मोटारीची खोली, झोपडी, नाहीतर ताडपत्रीचा आडोसा. ओले कपडे काढा, गरज पडली तर कापून काढा, आणि कोरडे चढवा. जमीन अंगाखालून उष्णता ओढते, म्हणून खाली तणस किंवा कुटार भरलेली पोती अंथरा, वर ब्लँकेट, त्यावर ताडपत्री, डोक्याला कानटोपी किंवा दुपट्टा. हे सगळं हळू हाताने. गारठलेलं हृदय धसक्याने बिघडू शकतं, त्यामुळे उचलताना आदळआपट नको आणि "चल, उठ, चाल थोडा" हेही नको. गार पडलेला माणूस चालला की पायांतलं थंड रक्त एकदम आत येतं आणि तापमान आणखी उतरू शकतं.

ऊब धडाला द्यायची, हातापायांना नाही. कोल्ड्रिंकच्या दोन-तीन बाटल्यांत गरम पाणी भरा, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सहन होतं का पाहा, प्रत्येक बाटली टॉवेलात गुंडाळा आणि काखेत व छातीच्या दोन्ही बाजूंना ठेवा. उघड्या कातडीवर बाटली नको, बधिर माणसाला भाजलेलं कळत नाही. शेकोटीजवळ बसवणंही याचसाठी वाईट. एक बाजू भाजते, दुसरी गारच राहते, आणि पिलेला माणूस आगीत कलंडतो. बंद झोपडीत शेगडी पेटवून दार लावणं त्याहून वाईट, तिथे विषारी वायू साचतो.

हातपाय चोळले, त्याने आतलं तापमान वाढत नाही, उलट नाजूक झालेली कातडी सोलते. आणि वरून दोन घोट पाजले, त्याबद्दल आता काय बोलावं? झालं ते झालं. पण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला काहीही पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, मग ते दारू असो की दूध. मोटरसायकलवर मधे बसवून आणणंही बंद करा. अंगावरून वारा जातो, माणूस घसरतो, खड्ड्यात धसके बसतात. गाडी किंवा टेम्पो बोलवा, आडवं ठेवून आणा.

पूर्ण शुद्धीवर असेल, नाव-गाव नीट सांगत असेल आणि घोट गिळता येत असेल तरच कोमट पाण्यात तीन-चार लहान चमचे साखर घालून द्या. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर मोजा, ७० च्या खाली असेल तर साखर उतरलेली आहे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी ती बाहेर पडेल, आणि १०८ ला फोन करा. फोनवर "पिलेला आहे" एवढंच सांगून थांबू नका. "ओला झालेला, गार पडलेला, कुडकुडत नाही, पोट गार आहे" असं सांगा. श्वास फार मंद असू शकतो, म्हणून छाती हलते का हे पूर्ण एक मिनिट बघा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब द्या आणि मदत येईपर्यंत चालू ठेवा. गारठलेला माणूस मेल्यासारखा दिसूनही वाचू शकतो, म्हणून शेतात बसून कुणी निर्णय देऊ नये.

आणि तो झोपला म्हणून "झोपू द्या, उतरेल" म्हणून धुऱ्यावर सोडून जाऊ नका. झोपेत हालचाल थांबते, कुडकुडणं आधीच गेलेलं असतं, आणि हिशेबातली ती तीसची तूट वाढत जाते.

लाइन रात्री येते, ती काही आपल्या हातात नाही. बाकी पुष्कळ आहे. निघण्याआधी जेवण, त्यात भाकरी-पिठलं पोटभर, आणि खिशात गूळ-शेंगदाणे, दर दोन तासांनी मूठभर. थर्मासमध्ये गोड चहा. गुडघ्यापर्यंतचे गमबूट. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा पायजमा आणि दोन जोड मोजे, भिजलं की लगेच बदलायचे, सकाळची वाट पाहायची नाही. मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला तर लाइन येण्याची वाट पाहत दोन तास थंडीत बसावं लागत नाही. एकट्याने जाऊ नये, आणि तेही जमत नसेल तर तुम्ही नागपुरातून दर तासाला फोन लावा. "ठीक आहे का?" विचारू नका, त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. "पाणी कितव्या सरीत आहे, किती राहिल्या?" हे विचारा. उत्तर अडखळलं किंवा हिशेब चुकला, तर शेजारच्या शेतातल्याला उठवा. घ्यायचीच असेल तर घरी परतल्यावर, जेवून, कोरड्या कपड्यांत, रजईत. ती चांगली गोष्ट आहे असं नाही, पण तिथे त्यांचं तापमान सांभाळायला भिंती असतात.

लहान मुलांना सर्दीत चमचाभर ब्रँडी देण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. मूल मोठ्यांपेक्षा लवकर गार होतं आणि त्याची साखरही लवकर उतरते. ते अजिबात करू नका.

शेवटची गोष्ट मोठ्या बाबांच्या सवयीची. पव्वा फक्त ओलिताच्या रात्रीच असतो की रोज? सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोटभर घेतली की थांबतात, असं होतं का? तसं असेल तर ती थरथर थंडीची नाही. रात्रीची दारू उतरल्यावर शरीर मागणी करतं त्याची आहे, आणि "थंडी वाजते म्हणून घेतो" हे त्यांचं म्हणणं याच थरथरीवरून आलेलं असू शकतं. अशा माणसाची बाटली एका दिवशी लपवली तर शेवटच्या पेगानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून बाटली लपवू नका. नागपूरला आणून मेडिसिनच्या किंवा मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा, रोज किती आणि किती वर्षं घेतात ते खरं सांगा. तिथे औषधांच्या आधाराने ती टप्प्याटप्प्याने बंद करता येते. तोवरच्या ओलिताला दुसरा माणूस लावा.